नववी 'ब' आरोग्य पाहणी: दप्तराचे वजन, मुलांचे वजन आणि पाठ-मानेच्या तक्रारी

(पालक सभेसाठी वर्गशिक्षिकेचा अहवाल, कळवा, ठाणे)

वर्गात ४४ मुले आहेत. १, ३ आणि ४ डिसेंबर २०२५ ला सकाळी प्रार्थनेआधी दप्तरे काट्याला अडकवून तोलली. तिन्ही दिवस हजर असलेली ४१ मुलेच हिशेबात घेतली. कोणते दिवस ते आधी सांगितले नव्हते, नाहीतर वह्या घरी राहिल्या असत्या. मुलांचे वजन एकदाच, बूट काढून. दुखण्याचे मात्र कोणाला सर्वांसमोर विचारले नाही. शरीराचे रेखाचित्र दिले आणि गेल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा तरी जिथे दुखले तिथे फुली मारायला सांगितले. एकाने फक्त गुडघ्यावर फुली मारली; तो फुटबॉल खेळतो, त्याची फुली धरली नाही.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे. नववीसाठी वजनाची मर्यादा २.५ ते ४.५ किलो. आमच्या वर्गाची तीन दिवसांची सरासरी ५.३ किलो आली. सोमवारी ५.१, गुरुवारी ५.०, पण बुधवारी ५.८. बुधवारी विज्ञानाची प्रयोगवही, भूगोलाचा नकाशासंग्रह आणि गणिताचे दोन्ही भाग एकाच दिवशी येतात. हे वेळापत्रक आम्हीच केलेले आहे.

१० टक्क्यांच्या आत १३ मुले, त्यांपैकी ४ जणांची मान, खांदा किंवा पाठ दुखते. १० ते १२.५ टक्क्यांत १७ मुले, तक्रार ८ जणांची. त्याहून वर ११ मुले आणि तक्रार ८ जणांची. चढ स्पष्ट दिसतो. पण हीच मुले दप्तर कसे घेतात हे पाहिले तेव्हा चित्र बदलले. एकाच खांद्यावर दप्तर टाकणारी १४, त्यांतल्या १० जणांना दुखते. दोन्ही पट्टे लावणाऱ्या २७ मध्येही १०. सर्वांत जड गटातल्या एकखांदी ६ पैकी सहाही जणांनी फुली मारली, दोन्ही पट्टे लावणाऱ्या ५ पैकी दोघांनीच. आकडे लहान आहेत, एकाच वर्गाचे आहेत. यावरून वजनामुळेच दुखते असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांची दप्तरे योगायोगाने सारखीच, ५.९ किलोची. मुलगी ३६.८ किलोची, म्हणजे तिचे दप्तर १६ टक्के. मुलगा ६१.५ किलोचा, त्याला ९.६ टक्के. पुस्तके दोघांना तीच लागतात, पण कागदावर तो १० टक्क्यांच्या मर्यादेत आणि ती कितीतरी बाहेर. (त्याचीही मान दुखते. मोबाइल किती वेळ, असे विचारल्यावर गप्प बसला.) मुलीच्या परवानगीने तिचे दप्तर टेबलावर रिकामे केले: नुसते दप्तर ०.९ किलो, भरलेली स्टीलची बाटली १.४, डबा ०.६, त्या दिवसाची पुस्तके-वह्या १.७, कंपास वगैरे ०.३ आणि क्लासची गाइडे-वह्या १ किलो. शाळा सुटली की ती परस्पर क्लासला जाते. शाळेच्या पुस्तकांपेक्षा पाणी आणि क्लास मिळून जास्त भरले.

बाटली मोठी का, तर तिसऱ्या मजल्यावरचा फिल्टर दिवाळीपासून बंद आहे.

उभे राहण्याची ढबही पाहिली. दाराच्या चौकटीला ओळंबा बांधून मुलांना कडेने उभे केले. दप्तर घेतल्यावर १८ जणांचा कान खांद्याच्या रेषेपुढे गेलेला दिसला. हा डोळ्यांचा अंदाज आहे, निदान नव्हे. पट्टे सैल आणि दप्तर कंबरेखाली लोंबत असेल तर ते मागे खेचते आणि तोल सावरायला मूल पुढे झुकते. दिवा-मुंब्र्याहून लोकलने येणारी मुले गर्दीत दप्तर छातीवर घेतात, ते उतरेपर्यंत तसेच असते. गाडीतला वेळ आम्ही मोजलेला नाही.

आम्ही मुख्याध्यापकांकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत: फिल्टरची दुरुस्ती आणि बुधवारचा गणिताचा एक तास शुक्रवारी. क्लासची पुस्तके ठेवायला वर्गातले मागचे कपाट आजपासून उघडे राहील, किल्ली मॉनिटरकडे. पालकांनी दोन्ही पट्टे आखडून दप्तर पाठीला टेकते का, हे आज रात्रीच पाहावे. दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर कपाटाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

काटा फेब्रुवारीत पुन्हा लागेल. तारीख सांगणार नाही.