एकच ओळख, तीन ठिकाणी

मुलाखतीत: "नमस्कार. सहा वर्षं मी गोदामातल्या साठ्याचं नियोजन बघतेय. मागणीचा अंदाज आम्ही एक्सेलमध्ये हाताने बांधायचो. तो मी पायथॉनवर आणला. अंदाज हुकलाच, तर कुठल्या मालामुळे हुकला ते आता त्याच दिवशी कळतं. तुमचा माल नाशवंत, म्हणजे चुकीला जागाच कमी. म्हणून तर इथे यायचंय."

विद्यार्थ्यांसमोर: "बूट आवडतो आणि नेमकं आपलंच माप संपलेलं असतं, हो ना? ते संपू नये म्हणून आकडेमोड करणारी ती मी. संख्याशास्त्राच्या तासाला जांभया द्यायचे, आता त्याचाच पगार घेते! मध्येच थांबवून विचारा."

वरिष्ठांसमोर (घड्याळ त्यांचं, म्हणून थोडक्यात): "साठ्याचं नियोजन माझ्याकडे आहे. पडून असलेल्या मालात अडकलेला पैसा मोकळा करायला आज तुमचा एक निर्णय हवाय."