१ ते ७ डिसेंबर : घरचं जेवण आणि बाजार

मनाली,

रविवारी रात्रीच्या गाडीने मी निघते. तुझ्या नणंदेचं बाळंतपण कधी होईल ते तिच्या हातात नाही, म्हणून निदान पहिला आठवडा पक्का लिहून ठेवते. हा कागद फ्रिजवर लाव, बाळूलाही वाचायला लाव.

आठवडा जरा अवघड आलाय. सोमवारी एकादशी, गुरुवारी मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार आणि त्याच दिवशी दत्तजयंती, रविवारी संकष्टी. शनिवार मारुतीचा. म्हणजे माशाचे वार तीनच : मंगळ, बुध, शुक्र. एवढं एक लक्षात ठेव, की पुढचा दिवस वाराचा असेल तर आदल्या दिवशी मासळी उरता कामा नये. मंगळवारी हात सैल सोड, कारण बुधवारी संपवता येते. शुक्रवारी मात्र मोजून घे.

रविवारी किराणा (बाळू आणेल)
साबुदाणा अर्धा किलो, वरी अर्धा किलो, शेंगदाणे १ किलो, चणाडाळ अर्धा किलो, गूळ १ किलो, सुंठ ५० ग्रॅम, खारीक १०० ग्रॅम, कणीक ३ किलो, तूप अर्धा किलो. तांदूळ, तांदळाचं पीठ, कुळथाचं पीठ, काळे वाटाणे, आगळ, तिरफळं घरात आहेत. सोललेले नारळ १० पडवीत ठेवलेत, पुरतील. खोबरं एकदम खवून ठेवू नकोस, आंबूस लागतं.

सोमवारी बाजार
लाल माठ २ जुड्या, मुळे ४, भोपळा अर्धा किलो, सुरण अर्धा किलो, राताळी १ किलो, शेवग्याच्या शेंगा ४, दुधी १, मिरच्या, आलं, कोथिंबीर. कणगरं दिसली तर दर न विचारता घे, आजींना फार आवडतात. घटासाठी पाच फळं, विड्याची पानं आणि सुपाऱ्याही याच दिवशी. गुरुवारी फुलांसाठी दोनदा खेप नको, जास्वंद आणि तगर दारातच आहे.

सोमवार
उपवास आजींचा आणि बाबांचा. आजी एरवी सोमवार संध्याकाळी भात खाऊन सोडतात. यंदा एकादशी त्याच दिवशी आली, म्हणून त्या सोडणार नाहीत. विसरून भाताचं ताट पुढे करू नकोस. सकाळी दोघांना साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा आदल्या रात्री धुऊन बोटाच्या पेराएवढ्या पाण्यात भिजव, तुमच्याकडे बुडवून ठेवतात तसा नको, चिकट होतो. दुपारी वरी, दाण्याची आमटी आणि सोलकढी. सोलकढीत लसूण नाही, जिरं आणि हिरवी मिरची फक्त. नारळाचा चोथा टाकायचा नाही, तुम्हा तिघांच्या माठाच्या भाजीत घाल. रात्री उकडलेली कणगरं किंवा राताळी, वर दूध. आजींना साबुदाणा रात्री पचत नाही.
तुम्हा तिघांना : वरण-भात, माठ, भाकरी. भिजवलेला थोडा साबुदाणा मुद्दाम शिल्लक ठेव.

मंगळवार
आजी-बाबांचा उपवास सकाळी पेजेवर सुटेल, सोबत लिंबाचं लोणचं. उरलेली वरी घावणाच्या पिठात वाटून घाल, घावणे मऊ होतात. उरलेल्या साबुदाण्यात बटाटा आणि दाण्याचं कूट घालून चिनूच्या डब्याला थालीपीठ.
सकाळी मासेवाली येईल. बांगडे १० घे. कल्ले लाल हवेत, डोळे वर आलेले, बोट दाबलं की मांस परत वर यायला हवं. बांगडा उन्हात पडून राहिला असेल तर अंगाला खाज येते, आणि शिजवून ते जात नाही, म्हणून सूट देत असली तरी मऊ पडलेला घेऊ नकोस. आल्याबरोबर साफ करून पाच बांगड्यांना मीठ, हळद आणि आगळ लाव, झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव. उरलेल्या पाचांचं तिरफळं घालून कालवण. भाजक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप जास्त कर, अर्धं काचेच्या बरणीत काढून ठेव. ते शुक्रवारी लागेल.

बुधवार
दुपारी कालचं कालवण, मुरलेलं असतं. सोबत ठेवलेले बांगडे तांदळाच्या पिठात घोळून तळ. मुळ्याची पानं आजींसाठी परतून.
रात्री कुळथाची पिठी आणि भात, सुका जवळा कुणालाही नको. माशाची भांडी रात्रीच राख लावून घास, पाटा धू, फ्रिजचा खालचा कप्पा पूस. चणाडाळ निवडून ठेव.

गुरुवार
तुझा हा आपल्या घरातला पहिला मार्गशीर्ष, म्हणून सविस्तर लिहिते. दिवसभर केळं, दूध, राताळ्याचा कीस चालेल. उपाशी राहून चक्कर आणू नकोस, लक्ष्मीला त्यात काही मिळत नाही. तांदळाच्या राशीवर कलश, पाच फळं बाजूला, संध्याकाळी कहाणी आणि मग नैवेद्य : पुरणपोळी, कटाची आमटी, भात. चणाडाळ तीन वाट्या, गूळ तेवढाच. पोळ्या १५ होतील. दत्तजन्माला बाबा देवळात जातील, त्यांच्यासोबत सुंठवडा दे. सुंठ, सुकं खोबरं, खारीक आणि साखर, दुपारीच कुटून ठेव. दुपारी बाकीच्यांना दुधीची भाजी आणि भाकरी.

शुक्रवार
सकाळी उत्तरपूजा. कलशातलं पाणी तुळशीला, राशीचे तांदूळ वेगळे काढ, त्यांची रविवारी खीर. फळं चिनूच्या डब्याला. कलशाचा नारळ माशाच्या वाटपात कधीच घालायचा नाही, त्याच्या वड्या कर. न्याहारीला उरलेल्या पोळ्या तुपावर गरम, कटाची आमटी दुपारी आजींच्या भातावर.
पुनवेनंतर भरती-ओहोटी मोठी असते, खाडीत तिसऱ्या चांगल्या मिळतात. दोन वाटे पुरे. तुला विळीवर कापायला भीती वाटते, म्हणून थोड्या पाण्यात वाफ काढ. ज्यांची तोंडं उघडत नाहीत त्या फेकून दे. पाणी वरचं वर ओत, तळाची रेती राहू दे, ओतलेल्या पाण्यातच ठेवलेलं वाटप घाल. रात्रीपर्यंत संपलं पाहिजे.

शनिवार
बाजारातली जी भाजी उरली असेल तिचं खतखतं : सुरण, भोपळा, शेंगा, मुळा, राताळं. फ्रिज रिकामा करायचा दिवस. रात्रीचा उरलेला भात आंबोळीच्या पिठात वाट. भात उघड्यावर रात्रभर ठेवू नकोस, निवला की लगेच फ्रिजमध्ये. वीज गेली आणि बराच वेळ आली नाही, तर सरळ गुराला घाल. काळे वाटाणे भिजत टाक.

रविवार
बाबा आणि बाळू यांची संकष्टी. दोघांना दुपारी खिचडी, तुम्हाला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. सांबारं जास्त कर, रात्री लागेल. चंद्रोदय साडेआठच्या पुढे आहे, नेमकी वेळ कॅलेंडरात बघ. रात्री उकडीचे ११ मोदक, खीर, भात, सांबारं. पहिले मोदक फुटले तर फुटू देत, उकड झाकून मळत राहा.

चिनूला झोपायच्या आधी एक मोदक दे, चंद्रासाठी तिला जागवू नकोस. तांदळाची गोणी संपत आली आहे, सोमवारी गिरणीवाल्याला फोन कर.

आई