सरावपत्रिका : कचरा, वनस्पती आणि प्राणी – वेगळे कसे करायचे?

इयत्ता तिसरी | परिसर अभ्यास | वेळ : दोन तासिका
साहित्य : वही, पेन्सिल, हिरवा व निळा रंगखडू

वस्तूचं नाव ऐकून गट ठरवू नका, फसाल! आधी एक प्रश्न विचारा, मग ठरवा.

भाग 1 : कचरा

प्रश्न : हे मातीत कुजेल का?

कुजणारा तो ओला कचरा, त्याला हिरवा रंग. न कुजणारा किंवा पुन्हा वापरता येणारा तो सुका, त्याला निळा. हात लावला तर इजा होईल असा कचरा तिसरा. त्याला रंग नको, फुली मारा. तो मोठ्या माणसांनीच उचलायचा.

खालची नावं वहीत लिहा आणि रंगवा :

आंब्याची साल • बांगड्याचे काटे • दुधाची पिशवी • करवंटी • घड्याळातला सेल • चहाचा चोथा • कालवाची शिंपी • भजीचा तेलकट कागद • नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा • फुटलेला बल्ब

अडलात? मग हे वाचा.

करवंटी झाडापासून आलेली, म्हणून कुजते खरी. पण इतकी कठीण की तिला वर्षं लागतात. खताच्या खड्ड्यात ती तशीच पडून राहते. म्हणून ती सुक्यात ठेवा. चुलीला किंवा डाव करायला उपयोगी पडते. माडाची झाप तर कचरा नाहीच. तिचे हीर काढले की खराटा होतो.

कागद सुका, मग तेलकट कागद ओला का? तेल लागलेल्या कागदापासून नवा कागद नीट बनत नाही, पण मातीत तो कुजतो. मात्र आतून प्लास्टिक लावलेला चकचकीत कागद सुक्यातच.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटा पडलेला इवलासा तुकडा कुणी वेचत नाही, तो पऱ्ह्यातून थेट समुद्रात जातो. पिशवी धुऊन वाळवा, नाहीतर वास येऊन बाकीचा सुका कचराही खराब होतो.

माशांचे काटे खड्ड्यात घातल्यावर वर वीतभर माती टाका. उघडे राहिले तर कुत्री उकरतात.

करून पाहा : कोण कुजलं?

तळाला भोक असलेल्या कुंडीत चार वस्तू पुरा : केळीची साल, आंब्याचं पान, बिस्किटाच्या वेष्टनाचा तुकडा, नायलॉनचा दोरा. खोली 10 सेंटिमीटर. प्रत्येकीजवळ एक काडी खोचा, म्हणजे शोधाशोध होणार नाही. 15 आणि 30 दिवसांनी उकरून बघा आणि चित्र काढा. माती ओलसर हवी. कोरडी पडली तर काहीच कुजणार नाही. पावसाळ्यात कुंडी पडवीत ठेवा. पाणी साचलं की मातीत हवा राहत नाही आणि घाण वास सुटतो.

भाग 2 : वनस्पती

प्रश्न : खोड कसं आहे?

उंच, कठीण खोड – वृक्ष. जमिनीजवळूनच अनेक फांद्या – झुडूप. मऊ, छोटं खोड – रोपटं. स्वतः उभं न राहणारं – वेल.

गट लिहा : माड, करवंद, मिरवेल, तुळस, फणस, मर्यादवेल, जास्वंद, तोंडली.

माडाला फांद्या नाहीत, तरी तो वृक्षच. मिरवेल मुळांनी पोफळीला चिकटून वर चढते, तोंडली तणाव्यांनी. मर्यादवेल मात्र किनाऱ्यावर वाळूतच पसरते आणि मुळांनी वाळू धरून ठेवते. तिला उपटू नका.

केळ यादीत मुद्दाम घेतलेली नाही. तिचं दिसतं ते खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेले पानांचे थर असतात. सोपटं सोलून बघा! (पावसातली अळंबीही नाही घेतली. ती वनस्पतीही नाही, प्राणीही नाही.)

भाग 3 : प्राणी

प्रश्न : पाठीचा कणा आहे का?

आपल्या पाठीवरून मधोमध बोट फिरवा. जे टणक लागतं तो कणा.

दोन गट करा : बांगडा, कोळंबी, कुर्ली, डॉल्फिन, तारामासा, बेडूक, कासव, खंड्या, गांडूळ, निवटी.

आता सांगा, यांत मासे किती? बहुतेक मुलं कोळंबी आणि तारामासा धरतात. कोळंबी मासळी बाजारात मिळते, पण तिला कणा नाही. तिला दहा चालायचे पाय असतात, कुर्लीसारखेच. तारामाशाच्या नावात मासा आहे, अंगात नाही. डॉल्फिन श्वास घ्यायला पाण्यावर येतो आणि पिल्लाला दूध पाजतो, म्हणून तोही मासा नव्हे. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी मात्र खरा मासा!

उत्तरं (आधी बघू नका)

भाग 1. ओला : आंब्याची साल, काटे, चोथा, तेलकट कागद. सुका : पिशवी, करवंटी, शिंपी, जाळं. फुली : सेल, बल्ब.
भाग 2. वृक्ष : माड, फणस. झुडूप : करवंद, जास्वंद. रोपटं : तुळस. वेल : मिरवेल, मर्यादवेल, तोंडली. (जुनी तुळस खाली लाकडासारखी होते. कुणी झुडूप लिहिलं आणि कारण सांगितलं, तर बरोबर धरावं.)
भाग 3. कणा नाही : कोळंबी, कुर्ली, तारामासा, गांडूळ. बाकी सहांना आहे. मासे दोनच : बांगडा आणि निवटी.