शाळेच्या ऑर्डरची चिठ्ठी: मापे आणि तारीख राहिली

बार्शी
14 मे 2025

श्री. दत्ताभाऊ यांस,
स.न.वि.वि.

पत्रास कारण की, तुमच्या पुतण्याच्या हाती पाठवलेली शाळेच्या कपड्यांची चिठ्ठी काल संध्याकाळी मिळाली. चिठ्ठीत आहे ते जसेच्या तसे लिहितो, म्हणजे आपण दोघे एकाच कागदाबद्दल बोलतोय हे पक्के होईल:

"शर्ट पांढरा 40, पँट निळी 40, मुलींचे ड्रेस 25. बटण, चेन, कॅनव्हास बरोबर द्या. कापड अंदाजाने कापून पाठवा. लवकर."

एवढ्यावर मी कात्री लावलेली नाही. पुतण्याला विचारले, पण त्याला काही सांगता आले नाही, आणि तुमचा फोन दोनदा लागला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला घोळ 40 या आकड्याचाच आहे. 40 नग, 40 मीटर की 40 छातीचा शर्ट? शाळेचे काम आहे म्हणून मी 40 नग धरले. पण आठवी ते दहावीच्या अंगाने भरलेल्या मुलांसाठी मोठे साइज लागतात आणि कोणी कोणी चिठ्ठीत फक्त साइजच लिहितो. तेव्हा आकड्यापुढे "नग" किंवा "मी." एवढे एक अक्षर लिहीत चला.

आता 40 नग धरले तरी अंदाज कसला करायचा? पहिलीच्या 24 छातीच्या मुलाचा हाफ बाहीचा शर्ट 58 इंची पन्ह्यात पाऊण मीटरमध्ये बसतो. नववीच्या 34 छातीच्या मुलाला त्याच कापडात सव्वा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे सगळी लहान मुले असतील तर 30 मीटर आणि सगळी मोठी असतील तर 46 ते 50 मीटर. हे 58 पन्ह्याचे झाले. 36 इंची पन्ह्यात लहान शर्टाला साधारण 95 सेंटिमीटर आणि मोठ्याला पावणेदोन मीटर लागते, म्हणजे 38 मीटरपासून 70 मीटरपर्यंत. याचे कारण तुम्हाला मी सांगायला नको: 24 छातीचा मागचा आणि पुढचा भाग 36 इंचात शेजारी शेजारी मांडता येतो, 28 छातीला तो बसत नाही आणि कापडाची दुसरी लांबी घ्यावी लागते. म्हणून पन्ह्याचा आकडा आणि मापांची वाटणी दोन्ही हवी. फक्त "40" पाहून मी अंदाज केला तर एक तर तुमच्याकडे 20 मीटर उरेल, नाहीतर शेवटच्या बारा शर्टांना कापड पुरणार नाही. मी पीस पाडून दिले की ते परत घेता येत नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. माप नसलेल्या चिठ्ठीवर पीस पाडले की नुकसान कोणाचे हा वाद दोघांनाही नको.

निळ्या पँटचा प्रश्न त्याहून मोठा आहे. हाफ की फुल? 58 पन्ह्यात 28 कंबर, 36 उंचीच्या फुल पँटला दुमड धरून एक मीटर लागतो. 15 उंचीच्या हाफ पँटला अर्धा मीटर पुरतो. 40 नगांत हा फरक सरळ दुप्पट आहे: 20 मीटर की 40 मीटर. आज माझ्याकडे नेव्ही ब्लू टेरिव्हिस्कोज एकाच लॉटचे 31 मीटर आहे. सगळ्या हाफ पँट असतील तर आजच काम होते. फुल पँट असतील तर 9 मीटर कमी पडते आणि ते दुसऱ्या लॉटमधून देणे मला पटत नाही. नेव्हीचे दोन लॉट दुकानाच्या दिव्याखाली सारखे दिसतात, पण मुले प्रार्थनेला उन्हात ओळीने उभी राहिली की एकाची पँट काळपट आणि दुसऱ्याची जांभळट दिसते. मग शाळा तुमच्याकडे बोट दाखवते. त्यामुळे फुल असतील तर एकाच लॉटचे सगळे 40 मीटर नवीन मागवावे लागेल. हा माल भिलवाड्याचा असतो आणि ट्रान्सपोर्टने यायला 8 ते 10 दिवस लागतात. सोलापुरात शिल्लक सापडले तर दोन दिवसांत आणतो, पण हंगामात त्यावर भरवसा ठेवू नका.

आणि "निळी" म्हणजे कोणती? शाळेच्या जुन्या पँटच्या दुमडीतला चार इंची तुकडा पाठवा, आतला, उन्हाने न विटलेला. फोनवर फोटो नको. फोनमध्ये नेव्ही ब्लू कधी काळा दिसतो, कधी रॉयल ब्लू.

मुलींच्या "ड्रेस"मधून मला काहीच कळले नाही. ट्यूनिक, स्कर्ट-शर्ट की सलवार-कमीज-ओढणी? खालच्या वर्गांना एक आणि वरच्यांना दुसरा असे बहुतेक शाळांत असते, तर 25 चे वर्गवार भाग करून द्या. स्कर्ट असेल तर चुण्या किती पट हेही लिहा. 24 कमरेला दुप्पट चुण्या धरल्या तर घेर 48 इंच होतो आणि तो 58 इंची पन्ह्यात एका पट्टीत निघतो. तिप्पट धरल्या तर 72 इंच होतात, एका पन्ह्यात मावत नाहीत आणि जोड देऊन दोन पट्ट्या घ्याव्या लागतात. 18 इंच उंचीचा स्कर्ट, वर दुमड आणि बेल्टपट्टीचे मिळून 3 इंच धरले तर पहिल्या रीतीने नगाला 55 सेंटिमीटर आणि दुसऱ्या रीतीने 1 मीटर 10 सेंटिमीटर. 25 स्कर्टांना 14 मीटर की साडेसत्तावीस, हे तुमच्या एका शब्दावर ठरते. शाळेने नमुना दिला असेल तर तोच पाठवा, मी चुण्या मोजून घेतो.

मापे लिहिताना एक गोष्ट सांभाळा. अंगावरचे माप की तयार कपड्याचे, हे वर एकदा लिहा. 28 छातीच्या मुलाचा तयार शर्ट चार-पाच इंच सैल असतो. मी अंगाचे समजून त्यात सैलपणा मिळवला आणि तुम्ही तो आधीच मिळवलेला असेल, तर 40 शर्टांना कापड फुकट जाते. उलट झाले तर शर्ट तंग निघतो. पोरे वर्षभरात वाढतात, म्हणून पँटच्या तळाला 3 इंच दुमड मी धरणारच आहे. ती नको असेल तर कळवा.

मला असा कागद हवा: "शर्ट, हाफ बाही, अंगाचे माप. छाती 24, उंची 18: 10 नग. छाती 28, उंची 22: 18 नग. छाती 34, उंची 26: 12 नग." बेरीज 40 आलीच पाहिजे. पँटला कंबर, उंची आणि नग. मुलांची नावे नकोत, वर्ग नसले तरी चालेल. सगळ्यांची मापे झाली नसतील तर वर्गवार एक लहान, एक मध्यम, एक मोठा मुलगा मोजून संख्या वाटून लिहा. तो अंदाज तुमच्या डोळ्यांचा असेल, त्याला अर्थ आहे. इथे बसून मी केलेल्या अंदाजाला नाही.

किरकोळ माल मी असा काढून ठेवला आहे. शर्टाची बटणे 18 लाईनची, चार भोकांची, पांढरी: समोर 6, कॉलरपट्टीवर 1 आणि जादा 1 मिळून नगाला 8, म्हणजे 320. दोन ग्रोस म्हणजे 288, ते कमी पडतात, म्हणून अडीच ग्रोस धरले. स्वस्तातली प्लास्टिकची मागू नका, कडक इस्त्रीखाली वाकतात. पँटला 24 लाईनचे एक. चेन हाफला 5 इंची आणि फुलला 7 इंची. शंका असेल तर लांब घ्या, लांब चेन खालून कापता येते. लहान मुलांच्या हाफ पँटला मागे इलॅस्टिक घालणार असाल तर नगाला 9 इंच धरून 40 नगांना साडेनऊ मीटर पुरे, 1 इंची. खिशाचे अस्तर 10 मीटर. कॉलरला फ्युजिंगच घ्या. साधा कॅनव्हास हवाच असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि कॉलरला फुगे येतात. पांढरे शर्टिंग मिश्र आहे, ते फारसे आटत नाही. शाळेने सुतीच मागितले असेल तर शेकड्याला 3 ते 5 आटते, तेवढे कापड जादा धरावे लागेल.

राहता राहिली तारीख. "लवकर" या शब्दावर मी ट्रान्सपोर्टला काय सांगू? यंदा शाळा सोमवार, 16 जूनला उघडतात. कपडे शाळेच्या हाती 10 जूनला द्यायचे धरले आणि दोन मशीनवर रोज 8 नग पडतात असे धरले, तर 105 नगांना 13-14 दिवस आणि काज-बटणाला दोन दिवस लागतील. मुलींचा ड्रेस दोन कपड्यांचा असेल तर नग 130 होतात आणि हे दिवसही पुरत नाहीत. म्हणजे कापड तुमच्या टेबलावर 24 मे, शनिवारपर्यंत पडायला हवे. शाळेने तुम्हाला खरी कोणती तारीख दिली आहे ती लिहा. माझा हिशेब त्यावरून उलटा लागेल.

माझे मत असे की पांढरा शर्ट आधी उरकावा. त्याचे 58 पन्ह्याचे 62 मीटर एकाच लॉटचे इथे आहे. मापे आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पीस पाडून वैरागच्या गाडीने पाठवतो. तुमची कटिंग सुरू होईल आणि तोवर निळे कापड येईल. निळे कापड मात्र शनिवार, 17 मेपर्यंत ऑर्डर गेली तरच 27 च्या आसपास हाती पडेल.

पांढरे आणि निळे दोन्ही ताके तुमच्या नावाने बाजूला ठेवले आहेत, तेही 17 मेच्या संध्याकाळपर्यंत. पुढच्या आठवड्यात गणवेशाची गर्दी सुरू होते, त्यापुढे अडवून ठेवता येणार नाहीत. पांढरे 110 रुपये मीटर, निळे 165, वर जीएसटी 5 टक्के. निळे बाहेरून मागवायचे झाले तर निम्मी रक्कम आधी लागेल, बाकी नेहमीप्रमाणे.

उत्तर पुतण्याच्या हाती दिले तरी चालेल, पण कापडाचा तुकडा त्याच कागदाला टाचणीने लावा. मागच्या वेळी तो वेगळा खिशात राहिला होता.

कळावे,
आपला
सुरेश
(टेलरिंग मटेरियल, बार्शी)

ता.क. शर्टाच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह शिवायचे की भरतकाम करायचे? भरतकाम असेल तर खिसे आधी कापून द्यावे लागतात आणि त्याला आणखी चार दिवस जातात. हेही त्याच कागदावर लिहा.