नवरात्रातील पंचमीचे प्रवचन : श्लोक, ओव्या, अभंग आणि त्यांची ठिकाणे

व्हिडिओ सव्वातीन तासांचा आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचन मंडळातल्या आजींनी "तो म्हाळुंगाचा श्लोक कुठं आला होता रे?" असं तीनदा विचारलं, तेव्हा सगळं पुन्हा ऐकत पोथ्या उघडून ही यादी केली. वेळ तास:मिनिट:सेकंद अशी आहे. अभंगांना क्रमांक दिलेले नाहीत, कारण गाथेच्या आवृत्तीगणिक ते बदलतात. पहिल्या चरणावरून सूचीत अभंग लगेच सापडतो.

0:06:10 ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या. ज्ञानेश्वरी, अध्याय १, ओवी १. याआधी हार, नारळ आणि स्वागत आहे.

0:09:45 सर्वमङ्गलमाङ्गल्ये शिवे सर्वार्थसाधिके. दुर्गासप्तशती, अध्याय ११. देवांनी केलेल्या नारायणीस्तुतीतला श्लोक.

0:21:30 मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती ।
नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि ॥
आजी विचारत होत्या तो हाच. प्राधानिक रहस्य, श्लोक ५. सप्तशतीचे तेरा अध्याय संपले की पोथीत तीन रहस्ये येतात, त्यांतलं हे पहिलं. 'नृप' म्हणजे सुरथ राजा, सांगणारे मेधा ऋषी. मातुलुंग म्हणजे म्हाळुंग, खेट म्हणजे ढाल. आपल्या अंबाबाईच्या चार हातांत हेच आहे, पण रोजच्या साडी-दागिन्यांच्या पूजेत ते दिसत नाही. बुवांनी 0:24:50 ला मूळ मूर्तीचं छायाचित्र हातात धरून एकेका आयुधावर बोट ठेवलंय. तिथं व्हिडिओ थांबवून श्लोक पुन्हा म्हणा, शब्द आणि मूर्ती जुळतात.

0:38:05 नमस्ते गरुडारूढे कोलासुरभयङ्करि. महालक्ष्म्यष्टक, श्लोक २. इंद्राने केलेली स्तुती, परंपरेने पद्मपुराणातली मानतात. कोलासुराचं नाव आल्यावर मंडपात टाळ्या पडल्या, त्यात दुसरी ओळ बुडाली. ती अशी : सर्वपापहरे देवि महालक्ष्मि नमोऽस्तु ते.

0:44:00 ते 0:51:30 टेंबलाईच्या टेकडीवर जाणारी पालखी आणि कोहळा. इथं वचन एकही नाही, पण हा भाग वगळू नका.

0:52:20 अनादि निर्गुण प्रगटली भवानी. संत एकनाथांचा जोगवा. बायकांनी सगळी कडवी उचलून धरली आहेत.

1:04:15 श्रवणं कीर्तनं विष्णोः स्मरणं पादसेवनम्. भागवत, स्कंध ७, अध्याय ५, श्लोक २३. प्रल्हादाचं बापाला उत्तर. याच नऊ भक्तींचा विस्तार दासबोधाच्या चौथ्या दशकात आहे, पहिल्या नऊ समासांत एकेक.

1:19:40 नाहं वसामि वैकुण्ठे. बोलण्याच्या ओघात 'गीतेत भगवंत म्हणतात' असं आलंय. गीतेत हा श्लोक नाही, तो पद्मपुराणाच्या उत्तरखंडातला. त्यात संबोधन नारदाला आहे, अर्जुनाला नाही, एवढ्यावरूनही ते कळतं. बुवांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "यादीत नीट लिहा, लोक तेच पाठ करतील."

1:27:00 ते 1:33:30 वीज गेली होती, आवाज नाही.

1:41:50 ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा. संत चोखामेळा. वाऱ्यानं आडवा पडलेला, कमानीसारखा वाकलेला ऊस आपण दर पावसाळ्यात बांधावरून बघतो, आणि त्याचं कांडं सोलून खाल्लं तर गोडीत काही फरक नसतो. चोखोबांनी हे स्वतःच्या जन्मावरून टोमणे ऐकवणाऱ्या लोकांना उत्तर म्हणून म्हटलंय. शेवटचा चरण 1:43:10 ला आहे : चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा. माझ्या मते सबंध प्रवचनात ही सात मिनिटं सर्वांत मोलाची.

1:50:25 अवघा रंग एक झाला. हाही चोखोबांचा म्हणून सांगितला गेलाय. अभंग त्यांच्या पत्नी सोयराबाईंचा आहे. त्यांचं नाव सुटायला नको, म्हणून मुद्दाम लिहितोय.

2:08:00 अनन्याश्चिन्तयन्तो मां. गीता ९.२२.
2:13:35 पत्रं पुष्पं फलं तोयं. गीता ९.२६.

2:24:10 जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत. ज्ञानेश्वरी, अध्याय १०, ओवी ११८. काही प्रतींत आकडा एक-दोनने मागेपुढे दिसेल.

2:31:15 पुण्य पर उपकार पाप ते परपीडा. संत तुकाराम. 'परोपकारः पुण्याय पापाय परपीडनम्' हे सुभाषित त्याला जोडून आलंय.

3:06:40 पसायदान. ज्ञानेश्वरी, अध्याय १८ च्या शेवटच्या ओव्यांत. चित्रीकरण 'हा होईल दानपसावो' इथंच तुटलंय. उरलेले चरण : येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया जाला.