व्यवस्थापकांच्या दीर्घ रजेच्या काळात आर्थिक मंजुरीचे अधिकार सोपविण्याचे अधिकारपत्र

जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, मुख्य डेअरी प्रकल्प
जावक क्र. प्रशा/अधि/31/2026-27
दिनांक: 29 जून 2026

आधार: संचालक मंडळ सभा दि. 12 जून 2026, ठराव क्र. 7. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 73 प्रमाणे संघाचे व्यवस्थापन संचालक मंडळाकडे आहे. म्हणून या पत्रातील प्रत्येक अधिकार मंडळाच्या वरील ठरावातून आला आहे. रजेवर जाणाऱ्या अधिकाऱ्याने आपला अधिकार परस्पर दुसऱ्याला दिला, असा त्याचा अर्थ नाही.

रजेवर जाणाऱ्या अधिकारी: व्यवस्थापक (डेअरी प्रकल्प), कर्मचारी क्र. 0217. प्रसूती रजा, 26 आठवडे.

अधिकार स्वीकारणारे: उपव्यवस्थापक (प्रक्रिया), कर्मचारी क्र. 0342.

पर्यायी अधिकारी: व्यवस्थापक (गुणवत्ता नियंत्रण), कर्मचारी क्र. 0288.

अधिकार वरील कर्मचारी क्रमांकाच्या व्यक्तींना दिला आहे, त्यांच्या पदांना नाही. बदली होऊन त्या पदावर दुसरे कोणी आले तर अधिकार त्यांच्याकडे आपोआप जाणार नाही. नवे पत्र काढावे लागेल.

1. मुदत

6 जुलै 2026 रोजी सकाळी 6 वाजता, म्हणजे पहिल्या पाळीपासून, 3 जानेवारी 2027 रोजी रात्री 12 वाजेपर्यंत. रजा वाढली तरी हे पत्र वाढत नाही. मुदतवाढीचा प्रस्ताव 14 डिसेंबर 2026 पर्यंत व्यवस्थापकीय संचालकांकडे द्यावा. 4 जानेवारीला सकाळी नवा आदेश हातात नसेल तर सर्व मंजुऱ्या व्यवस्थापकीय संचालकांकडे जातील.

व्यवस्थापक लवकर रुजू झाल्या तर त्यांचा रुजू अहवाल प्रशासन विभागात नोंदला गेल्याच्या क्षणी हा अधिकार संपेल. केवळ कार्यालयात येऊन भेटल्याने संपत नाही.

रजेच्या काळात व्यवस्थापकांचे मंजुरीचे अधिकार स्थगित राहतील आणि संगणक प्रणालीतील त्यांची मंजुरीची सोय बंद राहील. एकाच प्रकरणावर दोघांची मंजुरी पडणे किंवा पुरवठादाराला दोन वेगवेगळे होकार जाणे, हे त्यामुळे टळेल. दुसरे कारण तितकेच महत्त्वाचे आहे: बाळंतिणीला बिलासाठी फोन करायचा नाही. कागद कुठे ठेवला आहे एवढे विचारायलाही आधी प्रशासन विभागाशी बोलावे.

2. मर्यादा

सर्व आकडे रुपयांत, एका आदेशाला किंवा एका बिलाला.

| बाब | व्यवस्थापकांची मर्यादा | रजेच्या काळातील मर्यादा |
|---|---|---|
| सुटे भाग व दुरुस्ती | 2,00,000 | 1,00,000 |
| सफाईची रसायने (कॉस्टिक सोडा, नायट्रिक आम्ल), दरकरारावर | 3,00,000 | 3,00,000 |
| बॉयलरच्या ब्रिकेट, मंजूर दराने | 5,00,000 | 5,00,000 |
| पिशव्यांची छापील फिल्म, दरकरारावर | 10,00,000 | 7,50,000 |
| भाड्याचे टँकर, दहा दिवसांचे बिल, मंजूर दराने | 1,50,000 | 1,50,000 |
| प्रवास व किरकोळ खर्च | 25,000 | 10,000 |
| रोख खर्च, एका व्हाउचरला | 5,000 | 5,000 |
| भांडवली खर्च | 5,00,000 | अधिकार नाही |

रसायने, ब्रिकेट आणि टँकर यांचा दर मंडळाने आधीच ठरवला आहे. इथे मंजुरी फक्त प्रमाणाची असते आणि ती अडली तर सफाई, वाफ किंवा संकलन थांबते. म्हणून मर्यादा कमी केलेली नाही. फिल्मवर दर ठरलेला असूनही मर्यादा कमी आहे, कारण पिशवीवरचा मजकूर बदलला की उरलेले रोल निकामी होतात. मोठा साठा घेण्याचा निर्णय व्यवस्थापकीय संचालकांनीच करावा.

सुटे भाग, दुरुस्ती, प्रवास व किरकोळ खर्च मिळून एका कॅलेंडर महिन्याची एकूण मर्यादा 6,00,000 रुपये आहे. शिल्लक राहिलेली रक्कम पुढच्या महिन्यात ओढता येणार नाही.

3. रक्कम कशी मोजायची

मतभेद बहुतेक वेळा इथेच होतात, म्हणून हे कलम सविस्तर आहे.

(अ) मर्यादा जीएसटी, वाहतूक, पॅकिंग आणि बसवणीचा खर्च धरून आहे. 92,000 रुपयांचा पंप 18 टक्के जीएसटीसह 1,08,560 रुपयांना पडतो, म्हणून तो उपव्यवस्थापकांच्या मर्यादेबाहेर आहे. 84,700 रुपयांचा पंप 99,946 रुपयांना पडतो, तो मर्यादेत आहे. कराचा परतावा मिळणार असला तरी हिशेब असाच करायचा.

(आ) आदेशाची पूर्ण किंमत धरायची, हप्त्याची नाही. सहा महिन्यांचा देखभाल करार दरमहा 20,000 रुपयांचा असेल तर किंमत 1,20,000 रुपये होते आणि तो व्यवस्थापकीय संचालकांकडे जातो.

(इ) दिलेल्या आदेशात वाढ करताना मूळ आणि वाढीव रक्कम एकत्र धरायची. 80,000 रुपयांच्या आदेशात 30,000 रुपयांची वाढ म्हणजे 1,10,000 रुपयांची मंजुरी. वाढीची 30,000 रुपयांची मागणी स्वतंत्र म्हणून मंजूर करता येणार नाही.

(ई) एकाच यंत्रासाठी किंवा एकाच कामासाठी 15 दिवसांच्या आत काढलेल्या मागण्या एकच मानल्या जातील, पुरवठादार वेगळे असले तरी. आदेश तोडून मर्यादेत बसवल्याचे आढळले तर ती मंजुरी विनाअधिकार समजली जाईल.

(उ) रोख खर्चात एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, मग व्हाउचर कितीही असोत. आयकराच्या तरतुदीनुसार त्यापुढचा रोख खर्च वजावटीस पात्र राहत नाही.

4. या पत्राने न दिलेले अधिकार

दूध खरेदीचा दर, उत्पादकांची दहा दिवसांची दूध बिले, कर्मचाऱ्यांना किंवा पुरवठादारांना अग्रिम, बोनस, नेमणुका, येणे माफ करणे, भंगाराची विक्री, दूध व तुपाच्या विक्रीवर सूट, दरकराराबाहेरचा नवा पुरवठादार नोंदवणे, आणि संघाच्या वतीने कोणतीही हमी. हे विषय व्यवस्थापकीय संचालक किंवा मंडळाकडेच राहतील.

बँक व्यवहार स्वतंत्र आहेत. बँक तिच्याकडे नोंदवलेल्या सह्यांवरच चालते. हे पत्र दाखवून धनादेशावर सही करता येत नाही. प्रकल्पाच्या चालू खात्यावर 6 जुलैपासून व्यवस्थापकीय संचालक आणि मुख्य लेखापाल यांची संयुक्त सही राहील. त्याचा स्वतंत्र ठराव क्र. 8 आहे आणि तो 1 जुलैपूर्वी बँकेत पोहोचला पाहिजे.

5. स्वतःच्या विभागाची मागणी

उपव्यवस्थापक हे प्रक्रिया विभागाचेच प्रमुख आहेत. त्यांच्या विभागाची मागणी त्यांनीच मंजूर केली तर तपासणारा उरत नाही. म्हणून प्रक्रिया विभागाच्या 50,000 रुपयांपर्यंतच्या मागण्या पर्यायी अधिकारी मंजूर करतील, त्यापुढच्या व्यवस्थापकीय संचालक. गुणवत्ता विभागाच्या मागण्या उपव्यवस्थापकांकडे जातील. ज्याने मंजुरी दिली त्याने त्याच मालाच्या आवक पावतीवर सही करू नये. ती भांडारपालांचीच राहील. पुरवठादार नातेवाईक असेल किंवा त्याच्या व्यवसायात हितसंबंध असेल तर तसे लिहून प्रकरण वर पाठवावे.

6. तातडीचा खर्च

अमोनिया कॉम्प्रेसर, बॉयलर फीड पंप, मुख्य वीजपुरवठा किंवा बर्फपाण्याची टाकी बंद पडली आणि सायलोतील दुधाचे तापमान 6 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले, तर 2,50,000 रुपयांपर्यंतचे काम व्यवस्थापकीय संचालकांची फोनवर संमती घेऊन लगेच सुरू करता येईल. फोन लागला नाही तर मुख्य लेखापालांची संमती घ्यावी. दोघेही मिळाले नाहीत तर 1,00,000 रुपयांपर्यंत काम करून दूध वाचवावे. त्यासाठी कोणी दोष देणार नाही.

24 तासांच्या आत लेखी नोंद द्यायची: बिघाडाची वेळ, त्या वेळी सायलोत किती लिटर दूध होते व त्याचे तापमान, फोन कोणाला किती वाजता केला, कामाचा अंदाज. लेखी दुजोरा नसेल तर लेखा विभाग बिल अदा करणार नाही. हा खर्च कलम 2 मधील 6,00,000 रुपयांत धरला जात नाही. साठा वेळेत न मागवल्याने आलेली टंचाई तातडीत मोडत नाही.

7. सही आणि संगणक

उपव्यवस्थापकांनी स्वतःच्या नावाने सही करावी आणि खाली "अधिकारपत्र प्रशा/अधि/31/2026-27 अन्वये" असे लिहावे. व्यवस्थापकांच्या नावाचा शिक्का वापरायचा नाही. संगणक विभागाने 6 जुलैला सकाळी 6 वाजता कलम 2 मधील मर्यादा कर्मचारी क्र. 0342 च्या खात्यावर चढवाव्यात आणि 3 जानेवारीच्या रात्री 12 वाजता त्या आपोआप बंद होतील अशी तारीख टाकावी. व्यवस्थापकांचा पासवर्ड किंवा डिजिटल सहीचे टोकन कोणाकडेही ठेवायचे नाही. टोकन 3 जुलैला प्रशासन विभागाच्या तिजोरीत जमा होईल.

8. पुढे सोपवण्यास मनाई

उपव्यवस्थापकांना हा अधिकार आणखी कोणाला देता येणार नाही. ते सलग दोन दिवसांपेक्षा जास्त गैरहजर असतील तर प्रशासन विभागाच्या लेखी सूचनेने पर्यायी अधिकारी काम पाहतील, कलम 2 च्या निम्म्या मर्यादेत आणि एका वेळी जास्तीत जास्त 10 दिवस.

9. बिलांचा वेग आणि हिशेब

बिल टेबलावर आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत मंजूर करावे किंवा कारण लिहून परत करावे. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही लिहिलेली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. अशा बिलांवर भांडारपालांनी लाल शिक्का मारावा.

दर सोमवारी मागच्या आठवड्यातील मंजुऱ्यांची यादी मुख्य लेखापालांकडे द्यावी: आदेश क्रमांक, बाब, एकूण रक्कम, महिन्याची उरलेली मर्यादा. अंतर्गत लेखापरीक्षक ऑक्टोबरमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा तपासणी करतील.

मर्यादेबाहेर मंजुरी दिल्याचे लक्षात आल्यास त्याच दिवशी व्यवस्थापकीय संचालकांना लेखी कळवावे. व्यवस्थापकीय संचालक हे पत्र कधीही लेखी आदेशाने रद्द करू शकतात. तोवर मर्यादेत दिलेले आदेश संघावर बंधनकारक राहतील.

10. हस्तांतराच्या दिवशी प्रलंबित प्रकरणे

होमोजिनायझरचे सील व पिस्टन संच: तीन दरपत्रके आली आहेत, सर्वात कमी दर 64,000 रुपये, जीएसटीसह 75,520. प्रक्रिया विभागाची मागणी असल्याने कलम 5 नुसार व्यवस्थापकीय संचालकांकडे.

पिशव्यांची फिल्म: 6,80,000 रुपयांचा आदेश व्यवस्थापकांनी दिला आहे. दुसरा लॉट जुलैत येईल. उपव्यवस्थापकांनी फक्त बिल तपासून मंजूर करावे.

शीतगृहाचे इन्सुलेशन: 4,10,000 रुपये, भांडवली खर्च. फाइल 3 जुलैला व्यवस्थापकीय संचालकांकडे जाईल.

स्वीकृती

मी हे पत्र पूर्ण वाचले आहे. कलम 2 मधील मर्यादा, कलम 3 मधील मोजणीची रीत आणि कलम 4 मधील वगळलेले विषय मला समजले आहेत. माझ्या मंजुरीची जबाबदारी माझी राहील.

सही/- उपव्यवस्थापक (प्रक्रिया), कर्मचारी क्र. 0342, दि. 29 जून 2026
सही/- व्यवस्थापक (गुणवत्ता नियंत्रण), कर्मचारी क्र. 0288, दि. 29 जून 2026
सही/- व्यवस्थापक (डेअरी प्रकल्प), कर्मचारी क्र. 0217, दि. 29 जून 2026
सही/- व्यवस्थापकीय संचालक, ठराव क्र. 7 अन्वये, दि. 29 जून 2026

प्रत: मुख्य लेखापाल, भांडारपाल, खरेदी विभाग, संगणक विभाग, अंतर्गत लेखापरीक्षक, प्रशासन विभागाची वैयक्तिक नस्ती क्र. 0217 व 0342.