स्वयंमूल्यनिर्धारण अहवाल : औषध निर्माण अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र (१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५)

प्रतिवेदन कालावधीत आरोग्य केंद्राचे औषध भांडार, बाह्यरुग्ण विभागातील औषध वितरण आणि सहा उपकेंद्रांचा औषधपुरवठा हे काम माझ्याकडे होते.

ई-औषधी प्रणालीतील शिल्लक आणि प्रत्यक्ष साठा यांचा मेळ घालणे हे वर्षारंभी ठरलेले पहिले उद्दिष्ट होते. एप्रिल २०२४ च्या मोजणीत १४८ पैकी ३१ बाबींमध्ये तफावत आढळली, तर मार्च २०२५ मध्ये ती ४ बाबींमध्ये उरली. दोन्ही मोजणीपत्रकांवर वैद्यकीय अधिकाऱ्यांची स्वाक्षरी आहे. उपकेंद्रांना पावतीवर दिलेल्या औषधांची नोंद प्रणालीत चार-चार दिवस होत नसे, हे तफावतीचे मुख्य कारण होते. जूनपासून नोंद झाल्याशिवाय खोके भांडाराबाहेर जात नाही. हा शिस्तीचा बदल उपकेंद्रांतील आरोग्य सेविकांच्या सहकार्याशिवाय टिकला नसता, याची मी कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

मुदतबाह्य औषधांचे मूल्य मागील वर्षी ३८,४०० रुपये होते. यंदा ते ११,२५० रुपयांवर आले. ही संपूर्ण घट माझ्या कामामुळे झाली, असे म्हणता येणार नाही, कारण यंदा जिल्हा भांडाराकडून कमी मुदतीचे साठे मुळातच कमी आले. माझ्या प्रयत्नांचा भाग ९ हस्तांतरण पावत्यांवरून दाखवता येतो: प्रत्येक खोक्यावर मुदतीचा महिना तांबड्या शाईने ठळक लिहून, तीन महिने शिल्लक असतानाच १६,८०० रुपयांची औषधे शेजारच्या दोन आरोग्य केंद्रांना दिली. त्यांपैकी ७ पावत्यांवरील औषधे मुदतीत वापरली गेल्याची खात्री मी केली आहे. उरलेल्या दोन पावत्यांची पडताळणी व्हायची आहे.

जून ते ऑक्टोबर या काळात सर्पदंशावरील प्रतिविषाचा साठा एकही दिवस २० कुप्यांच्या खाली गेला नाही, हे साठा नोंदवहीवरून दिसते. रुग्ण वाचवण्याचे श्रेय उपचार करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे व परिचारिकांचे आहे. कुपी वेळेवर हाताशी असणे एवढी माझी जबाबदारी होती.

ऑगस्टमध्ये एका उपकेंद्रात ओआरएसची पाकिटे पाच दिवस उपलब्ध नव्हती. पुरवठ्यात कोणताही विलंब झालेला नव्हता. पावसाळ्यात अतिसाराचे रुग्ण वाढतात हे ठाऊक असूनही मी मागणीपत्र मागील तीन महिन्यांच्या सरासरीवर तयार केले, ही माझी चूक होती. तातडीने मुख्य केंद्रातून ६० पाकिटे पाठवली, पण मधल्या दिवसांत लहान मुलांना घेऊन आलेल्या पालकांना मुख्य केंद्रापर्यंत यावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते. सप्टेंबरपासून मागणी मागील वर्षाच्या त्याच महिन्यातील वापरावरून काढली जाते. या पद्धतीची खरी कसोटी येत्या पावसाळ्यात लागेल, म्हणून ती मी या वर्षाच्या साध्यांत धरलेली नाही.

तफावत उरलेल्या चार बाबींपैकी दोन बाबींचे कारण जुन्या पावत्यांमध्ये सापडले असून उरलेल्या दोन बाबींचा शोध सुरू आहे.